ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या पुस्तिकेतली चार पानं एका कार्डावर आणताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातलं आहे. रुग्णालयाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. रात्रपाळीला वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी असतात. डॉक्टर आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहतात, फोन केला की पाच-सात मिनिटांत पोहोचतात. मी बायोमेडिकल इंजिनिअर. जिल्ह्यातल्या अशा अनेक रुग्णालयांची यंत्रं माझ्याकडे दुरुस्तीला असतात आणि या रुग्णालयापर्यंत पोहोचायला मला दोन तास लागतात.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत इथे मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणारे कॉन्सन्ट्रेटर आले. लाट ओसरली, पण यंत्रं वॉर्डात राहिली आणि कामाला आली. थंडीत दम्याचे आणि जुन्या फुप्फुसविकाराचे म्हातारे रुग्ण येतात, पावसाळ्यात न्यूमोनियाची लहान मुलं येतात. सिलिंडरची गाडी यायची वाट न बघता भिंतीतल्या विजेवर ऑक्सिजन मिळतो, ही या यंत्राची मोठी सोय.

यंत्राचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. यंत्र खोलीतली हवा ओढतं, दाबतं आणि झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेल्या नळकांड्यांतून सोडतं. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. तो फ्लोमीटरमधून जातो तेव्हा काचेतला छोटा गोळा वर उचलला जातो आणि मिनिटाला किती लिटर चाललंय ते दिसतं. पुढे पाण्याची बाटली लागते. झाकणातून खाली गेलेल्या दांडीतून वायू पाण्यात सुटतो, बुडबुडे होऊन वर येतो, पाण्यावरच्या मोकळ्या जागेत जमतो आणि तिथून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून नळीत शिरतो. नळीच्या टोकाला प्रॉंग्स, त्या रुग्णाच्या नाकात. वायूचा हा क्रम, म्हणजे गोळा, बाटली, नळी, प्रॉंग्स, लक्षात ठेवावा.

काय घडलं

एका रात्री साडेतीनच्या सुमारास जुन्या फुप्फुसविकाराच्या एका आजोबांची सॅच्युरेशन उतरू लागली. यंत्र सुरू होतं, दिवा हिरवा होता, कसलाही गजर नव्हता. सिस्टरनी प्रॉंग्स नीट बसवल्या, गोळा बघितला, तो २ लिटरवर होता. बाटलीत बुडबुडे येत होते. सगळं ठीक दिसत होतं आणि आकडा तरी खाली चालला होता.

त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि ते येईपर्यंत कपाटातली वापर-पुस्तिका काढली. पुस्तिका इंग्रजीत. शेवटी ‘अडचणी आणि उपाय’ असं चार पानी कोष्टक. त्यात पहिल्या दोन पानांवर लाल दिवा, पिवळा दिवा, सलग गजर, थांबून-थांबून गजर अशा ओळी. दिवा हिरवा असतानाची ओळ चौथ्या पानावर, आणि तिच्यासमोर सात संभाव्य कारणं एका दमात लिहिलेली. सिस्टर तिथपर्यंत पोहोचल्याच नाहीत. डॉक्टर आले, त्यांनी सिलिंडर लावायला सांगितलं, सिलिंडरची चावी शोधण्यात आणखी काही मिनिटं गेली. ऑक्सिजन सुरू झाला आणि आजोबा सावरले.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा कारण सापडलं. रात्री बाराला बाटलीतलं पाणी बदललं होतं आणि झाकण आट्यांवर तिरकं बसलं होतं. यंत्र निर्दोष होतं. त्याने तयार केलेला ऑक्सिजन झाकणाच्या फटीतून वॉर्डात जात होता.

मी सिस्टरना म्हणालो, “बुडबुडे बंद असतील, गडबडीत लक्षात आलं नसेल.”

त्या म्हणाल्या, “नाही सर, बुडबुडे येत होते. मी दोनदा बघितलं.”

मी ते फारसं मनावर घेतलं नाही. ही चूक पुढे पहिल्या मसुद्यात उतरली.

अडचण नेमकी कुठे होती

वैद्यकीय अधीक्षकांनी मला पुस्तिकेच्या त्या चार पानांचं एक कार्ड करायला सांगितलं, यंत्राला अडकवता येईल असं. मी होकार दिला तेव्हा मला वाटलं होतं की हे भाषांतराचं आणि काटछाटीचं काम आहे.

कोष्टक नीट वाचल्यावर कळलं की ते वॉर्डासाठी रचलेलंच नाही. त्याची सुरुवात यंत्रापासून होते. कोणता दिवा, कोणता गजर, मग आतला कोणता भाग. यंत्र स्वतःबद्दल जे सांगू शकतं तेवढंच वर येतं. पण यंत्राचा दिवा ऑक्सिजनची शुद्धता आणि आतला दाब सांगतो. बाटलीच्या पुढे काय चाललंय हे त्याला कळत नाही. म्हणजे ऑक्सिजन रुग्णापर्यंत पोहोचत नसताना यंत्र प्रामाणिकपणे हिरवा दिवा दाखवतं. सगळ्यांत धोक्याचा बिघाड हा गजर न होणारा बिघाड असतो, आणि गजरांच्या क्रमाने लावलेल्या कोष्टकात तो शेवटी जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट, कोष्टकात वाचणारा कोण हे ठरलेलं नव्हतं. ‘फिल्टर धुवा’ आणि ‘व्हॉल्व्ह बदला’ या दोन सूचना शेजारी-शेजारी होत्या. रात्री साडेतीनला सिस्टरनी व्हॉल्व्हची ओळ वाचण्यात घालवलेला प्रत्येक सेकंद वाया जातो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्या कोष्टकाचं मराठी भाषांतर करून भिंतीवर लावायचा. कंपनीच्या मजकुराला धक्का लागत नाही, त्यामुळे कागदोपत्री तो सुरक्षित होता. पण चार पानं मराठीत झाली तरी चारच पानं राहतात, आणि हिरव्या दिव्याची ओळ शेवटीच राहते.

दुसरा पर्याय बाणांचा तक्ता. मी तो काढूनही बघितला. एकाच बिघाडासाठी बाण छान चालतात. पाच बिघाड एका पानावर आले की बाण एकमेकांना छेदू लागतात आणि बोट ठेवून वाट शोधावी लागते. सिस्टरचा एक हात तेव्हा रुग्णावर असतो.

तिसरं मत एका डॉक्टरांचं होतं. ते म्हणाले, “कार्ड कशाला, एक ट्रेनिंग घेऊन टाका.” ट्रेनिंग मी आधीही घेतलं होतं. पण बदल्या होतात, कंत्राटी सिस्टर बदलतात आणि नेमकी नवी माणसं रात्रपाळीला असतात. ट्रेनिंग हवंच, पण रात्री यंत्राजवळ काहीतरी लटकलेलं असायला हवं.

शेवटी ठरलं ते असं: ए-५ आकाराचं, म्हणजे वहीच्या पानाएवढं कार्ड, एका बाजूला वाचायचं, ओळी मोजक्या. पुस्तिका कपाटात राहणार, कार्ड तिची जागा घेणार नाही. यंत्र उघडायची वेळ येईल तिथे कार्ड थांबणार आणि माझा फोन नंबर सुरू होणार.

कोष्टक फोडताना

मी कोष्टकाची प्रत्येक ओळ वेगळ्या चिठ्ठीवर उतरवली आणि इन्चार्ज सिस्टरबरोबर ड्यूटी रूमच्या टेबलावर बसलो. तीन गठ्ठे करायचे होते: सिस्टरनी आत्ता करायचं, फोन करून सांगायचं, आणि वॉर्डाला ज्याच्याशी देणंघेणं नाही ते. जोडीला दुरुस्तीचं रजिस्टर ठेवलं होतं. त्यात तक्रारी वॉर्डाच्या शब्दांत होत्या: ‘मशीन चालू होत नाही’, ‘ऑक्सिजन येत नाही’, ‘मशीन सारखं ओरडतंय’. शेजारी माझ्या अक्षरात सापडलेलं कारण. ते ओळीने वाचत गेलो तेव्हा बहुतेक कारणं यंत्राबाहेरची निघाली. सॉकेट सैल, इन्व्हर्टर बसलेला, नळी खाटेच्या चाकाखाली, फिल्टर धुळीने गच्च, बाटली नीट न बसलेली. झिओलाइट खराब होणं, कॉम्प्रेसर थकणं हे होतं, पण क्वचित, आणि त्यात सिस्टरनी करण्यासारखं काही नसतं.

त्यामुळे तिसरा गठ्ठा सर्वांत मोठा झाला आणि तो टाकून देताना मला धाकधूक वाटली. पुस्तिकेतली माहिती गाळतोय, उद्या कुणी विचारलं तर? इन्चार्ज सिस्टरनी सरळ प्रश्न केला: “ही चिठ्ठी वाचून मी काय करणार आहे ते सांगा. नसेल सांगता येत, तर काढा.” पुढच्या प्रत्येक ओळीला आम्ही हीच कसोटी लावली. जिचा शेवट ‘कंपनीशी संपर्क साधा’ असा होता त्या सगळ्या ओळींची मिळून एकच ओळ झाली: दुसरं यंत्र लावा, या यंत्राला ‘वापरू नका’ची पट्टी बांधा, फोन करा.

एक ओळ मात्र पुस्तिकेत नव्हती आणि ती सर्वांत वर आली. आधी रुग्ण. सॅच्युरेशन उतरत असेल तर यंत्राकडे न बघता सिलिंडर लावा, डॉक्टरांनी लिहिलेल्या लिटरवरच ठेवा, डॉक्टरांना हाक मारा, आणि मग यंत्राकडे वळा. ही ओळ मी माझ्या अखत्यारीत लिहिली नाही. अधीक्षकांनी तिचा प्रत्येक शब्द बघितला. सिलिंडरची चावी साखळीने सिलिंडरलाच बांधायचा निर्णयही त्याच बैठकीत झाला. चावी जागेवर नसेल तर ती ओळ छापून उपयोग नव्हता.

भरलेला सिलिंडर किती वेळ पुरतो हे कार्डावर द्यावं असं मला वाटत होतं. बी-टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे ५ लिटरवर ५ तास, २ लिटरवर बारा तासांहून थोडा अधिक. हिशेब बरोबर आहे, पण वॉर्डातला सिलिंडर भरलेलाच असतो असं कुठे आहे? कार्डावरचा आकडा वाचून निर्धास्त होण्यापेक्षा काट्याकडे बघायची सवय बरी, म्हणून तो आकडा काढला.

शब्दांवरही वाद झाला. मी ‘ह्युमिडिफायर’ आणि ‘कॅन्युला’ लिहिलं होतं. वॉर्डात सगळे ‘बाटली’ आणि ‘प्रॉंग्स’ म्हणतात. मावशींना हाक मारून सांगतानाही तेच शब्द वापरतात. कार्डावर तेच आले.

पहिला मसुदा आणि त्याची चाचणी

मसुद्यात ‘ऑक्सिजन येत नाही’ या ओळीखाली मी असं लिहिलं होतं:

गोळा बघा. खाली असेल तर नळी सरळ करा.
बाटली बघा. बुडबुडे नसतील तर झाकण घट्ट करा.

वाचायला सोपं, लक्षात राहायलाही सोपं. छापायच्या आधी चाचणी घ्यायचं ठरलं. रिकाम्या खोलीत यंत्र ठेवलं, जवळ रुग्ण कुणी नाही. मी एक बिघाड करून ठेवायचा, काय केलंय ते सांगायचं नाही. मसुदा लिहिताना नसलेल्या पाच सिस्टरनी एकेक करून यायचं, हातात कार्ड घ्यायचं आणि बिघाड शोधायचा. मी कोपऱ्यात बसून फक्त लिहायचं. मध्ये बोलायचं नाही, हे मला सर्वांत जड गेलं.

नळी दुमडलेली होती ती पाचही जणींना सापडली. प्लग काढलेला होता तोही सापडला. मग मी त्या रात्रीसारखं झाकण तिरकं बसवलं. पाचांपैकी एकीलाही ते कार्डावरून सापडलं नाही. प्रत्येकीने गोळा बघितला, तो जागेवर होता. बाटली बघितली, बुडबुडे येत होते. कार्ड म्हणत होतं बुडबुडे *नसतील* तर झाकण घट्ट करा, म्हणून झाकणाला कुणी हात लावला नाही.

तेव्हा मला त्या सिस्टरचं वाक्य आठवलं. बुडबुडे खरंच येत होते. आणि का येत होते हे बाटलीसमोर बसल्यावर अर्ध्या मिनिटात कळतं. वायू दांडीतून खाली जातो, पाण्यात बुडबुडे करतो, वर येतो आणि *त्यानंतर* झाकणाच्या आट्यांतून निसटतो. गळती पाण्याच्या पुढे आहे, बुडबुडे पाण्यात आहेत. बुडबुडे एवढंच सांगतात की वायू पाण्यापर्यंत आला. पुढचं ते सांगू शकत नाहीत. बुडबुडे बंद पडतील असा बिघाड वेगळा: यंत्र आणि बाटली यांच्यामधला जोड सैल असेल तर वायू पाण्यापर्यंत जातच नाही. तिथे गोळा वर राहतो, कारण वायू फ्लोमीटरमधून जातोच आहे, पण बाटली शांत असते.

मी अनेक वर्षं ही बाटली हाताळत आलो आहे. तरी डोक्यात ‘बुडबुडे म्हणजे ठीक’ असं बसलेलं होतं, आणि तेच मी कार्डावर लिहून ठेवणार होतो. त्या सिस्टरना मी हे जाऊन सांगितलं आणि पुढच्या मसुद्यासाठी त्यांनाच बरोबर घेतलं.

दिशा उलटी केली

त्या म्हणाल्या, “सर, आम्ही रुग्णाशेजारी उभ्या असतो. मशीनपासून कशाला सुरू करायचं?”

यानंतर कार्ड नाकापासून सुरू झालं आणि मागे मागे यंत्राकडे गेलं. पहिली पायरी म्हणजे वॉर्डात जुनीच असलेली एक सोपी परीक्षा: पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, प्रॉंग्सची टोकं जेमतेम बुडवा. बुडबुडे आले तर वायू टोकापर्यंत पोहोचतोय. रुग्ण तोवर सिलिंडरवर असतो. या पायरीवर डॉक्टरांनी दोन अटी घातल्या, पाणी दर वेळी ताजं हवं आणि प्रॉंग्स परत नाकात लावण्याआधी झटकून पुसून कोरड्या करायच्या. दोन्ही कार्डावर आल्या.

‘दिवा हिरवा, तरी रुग्णाला मिळत नाही’ याखाली छापलेला मजकूर असा आहे:

१. प्रॉंग्स पेल्यातल्या पाण्यात धरा. बुडबुडे आले, तर ऑक्सिजन टोकापर्यंत येतोय, डॉक्टरांना सांगा.
२. पेल्यात नाहीत, बाटलीत आहेत: गळती बाटलीच्या झाकणाला किंवा नळीला. झाकण पूर्ण काढून पुन्हा सरळ बसवा. तरी नाही, तर नळी बदला.
३. बाटलीतही नाहीत, गोळा जागेवर आहे: यंत्र आणि बाटली यांचा जोड सैल. घट्ट करा.
४. बाटलीत नाहीत, गोळाही खाली: पुढे कुठेतरी अडलंय. फ्लोमीटर बंद नाही ना बघा. नळी बाटलीपासून सोडवा. बुडबुडे सुरू झाले तर नळी बदला, नाही झाले तर बाटली बदला.
५. तरीही नाही: दुसरं यंत्र लावा, फोन करा.

दुसऱ्या ओळीतलं ‘पूर्ण काढून पुन्हा सरळ बसवा’ हेही चाचणीतून आलं. आधी ‘घट्ट करा’ होतं. तिरकं बसलेलं झाकण घट्ट केलं की आणखी तिरकंच आवळलं जातं आणि गळती तशीच राहते. एका सिस्टरनी ताकद लावून आवळलं, आटे जवळजवळ गेलेच होते.

दिव्यांच्या ओळी याच्या खाली आल्या आणि त्या थोडक्यात आटोपल्या. पिवळा दिवा म्हणजे शुद्धता उतरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार कॉन्सन्ट्रेटरचा ऑक्सिजन ८२ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. यंत्र नुकतंच सुरू केलं असेल तर काही मिनिटं पिवळा दिवा राहतोच, तेवढं थांबायचं. थांबूनही गेला नाही तर तीनच गोष्टी बघायच्या: गोळा ५च्या वर नेलाय का, हवेचा फिल्टर धुळीने भरलाय का, यंत्र भिंतीला किंवा पडद्याला चिकटलंय का. ५ लिटरच्या यंत्रातून जास्त ओढलं की दाण्यांना नायट्रोजन धरायला वेळ मिळत नाही आणि नळीतून जास्त वायू पण कमी ऑक्सिजन जातो. घाईत गोळा वर ढकलण्याचा मोह होतो, म्हणून ‘५च्या वर नेऊ नका’ हे ठळक अक्षरांत आहे. हे करूनही दिवा पिवळा राहिला, तर झिओलाइट ओल धरून बसलं असण्याची शक्यता असते आणि ते वॉर्डात दुरुस्त होत नाही.

छपाई आणि जागा

कार्डाच्या मागच्या बाजूला मी आठवड्याची निगा छापणार होतो, फिल्टर धुण्याची तारीख वगैरे. चाचणीत दोघींनी आधी मागची बाजू वाचायला घेतली. ती मग वेगळ्या कागदावर ड्यूटी रूममध्ये गेली आणि कार्डाची मागची बाजू कोरी राहिली, तिथे फक्त यंत्राचं मॉडेल आणि कार्डाची तारीख.

पहिली प्रत चकचकीत लॅमिनेशनची होती. लाईट गेल्यावर मोबाईलच्या टॉर्चने वाचायला गेलो तर अक्षरांवर नुसता प्रकाशाचा डाग. दुसरी प्रत मॅट केली. अडकवायचं भोक कागदात न पाडता लॅमिनेशनच्या कडेच्या रुंद पट्टीत पाडलं, नाहीतर पुसताना जंतुनाशक भोकातून आत शिरतं आणि कागद फुगतो. कार्ड यंत्राच्या मुठीला बांधलं. भिंतीवर लावा असं काहींचं म्हणणं होतं, पण यंत्र खाटेमागे फिरतं आणि भिंत तिथेच राहते.

पुढे काय झालं

सुधारलेल्या कार्डावर पुन्हा चाचणी घेतली, या वेळी आधी न आलेल्या सिस्टर बोलावल्या. तिरकं झाकण सगळ्यांना सापडलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात रजिस्टरमधल्या नोंदींची भाषा बदललेली दिसली. ‘ऑक्सिजन येत नाही’च्या जागी ‘पेल्यात नाही, बाटलीत आहे, नळी बदलली, चालू’ अशी नोंद सापडली. ती वाचून मला दोन तासांचा प्रवास करावा लागला नाही. जिथे फोन आला तिथेही सिस्टर कोणत्या ओळीपर्यंत पोहोचल्या ते सांगत, त्यामुळे कोणता सुटा भाग घेऊन निघायचं ते मला आधीच कळे.

दोन गोष्टी मात्र कार्डाने सोडवल्या नाहीत.

पहिली अर्धवट गळतीची. एका बाटलीला पाण्याच्या वरच्या भागात केसाएवढी चीर गेली होती. बराचसा ऑक्सिजन नळीत जात होता, थोडा चिरेतून निसटत होता. पेल्यात बुडबुडे येत होते, म्हणून पहिल्याच ओळीवर शोध थांबला. डॉक्टरांनी रुग्ण बघून सिलिंडर चालू ठेवला म्हणून निभावलं. पेल्याची परीक्षा वायू येतो की नाही एवढंच सांगते, पुरेसा येतो का ते सांगत नाही. शुद्धता तर ती अजिबातच सांगत नाही, त्यासाठी ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लागतो आणि तो माझ्या पेटीत असतो, वॉर्डात नाही.

दुसरी गफलत गजराची होती. या मॉडेलमध्ये वीज गेल्याचा गजर छोट्या बॅटरीवर वाजतो. एका यंत्राची बॅटरी संपली होती, रात्री वीज गेली आणि यंत्र गुपचूप बंद पडलं. कार्डावर ‘सलग गजर: वीज बघा’ अशी ओळ होती, पण गजरच नव्हता. दिवा हिरवा असतानाच्या शांततेचा एवढा विचार केला आणि दिवाच नसतानाची शांतता आमच्या नजरेतून सुटली.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात रजिस्टरपासून करीन, पुस्तिकेपासून नाही. आमचा जवळपास आठवडा कोष्टक मराठीत उतरवण्यात गेला आणि त्यातलं बरंचसं शेवटी टाकलं.

चाचणीही लेखनाच्या आधी घेईन. कार्ड नसताना पाच सिस्टर तिरकं झाकण कसं शोधतात हे आधी बघितलं असतं, तर ‘बुडबुडे तर येताहेत’ हे वाक्य पहिल्याच दिवशी पाच वेळा ऐकू आलं असतं. आणि त्या रात्रीच्या सिस्टरचं म्हणणं तेव्हाच बाटली हातात घेऊन तपासलं असतं, तर तेवढीही गरज पडली नसती.

रुग्णालयातली दोन यंत्रं दुसऱ्या कंपनीची आहेत. त्यांच्यात पिवळा दिवा वेगळ्या कारणासाठीही लागतो. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना एकच कार्ड बांधलं आणि महिनाभराने ते लक्षात आलं. नाकापासून बाटलीपर्यंतच्या ओळी कुठल्याही यंत्राला चालतात, दिव्यांच्या ओळी चालत नाहीत. आता दिव्यांचा भाग वेगळ्या रंगाच्या पट्टीवर आहे आणि मॉडेलचं नाव मागून पुढे, त्या पट्टीवर आलं आहे.

सध्याच्या आवृत्तीत पहिली ओळ बदलली आहे. पेल्यात बुडबुडे आहेत पण सॅच्युरेशन चढत नाही, तर डॉक्टरांना सांगून बाटली वगळा आणि नळी जोडणीच्या तुकड्याने थेट यंत्राला लावा. प्रॉंग्सवर कमी लिटरचा ऑक्सिजन बाटलीशिवाय चालतो, रुग्णाला त्याने अपाय होत नाही. आकडा चढला तर दोष बाटलीत होता. जोडणीचा तो प्लास्टिकचा तुकडा कार्डाच्याच दोरीला बांधला आहे. गजराच्या बॅटरीसाठी कार्डावर काही लिहिलं नाही. ते काम ड्यूटी रूममधल्या निगेच्या कागदावर गेलं: दर सोमवारी यंत्र चालू असताना प्लग काढायचा, गजर वाजतो का ऐकायचं, आणि तारीख घालून सही करायची.